ब्रश कुणी बांधला

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी एका दमात तीस कंपन्यांना मेल टाकले होते. नेटवरून मजकूर उचलायचा, ‘आपल्या नामांकित कंपनीत शिकण्याची संधी मिळावी’ म्हणायचं, कंपनीचं नाव तेवढं बदलायचं. एकाचंही उत्तर नाही. ‘जागा नाही’ एवढं लिहायला काय जातं यांचं, म्हणून मी घरभर तणतणत होते. प्लेसमेंटचे सर थंडपणे म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कंपनीचं पत्र आण, नाहीतर सहा महिने कॉलेजातच प्रोजेक्ट कर. कॉलेजातला प्रोजेक्ट म्हणजे जुन्या फाइलीला नवं कव्हर. मला खरं मशीन बघायचं होतं.

मशीन तर राजुरीला आमच्या अंगणातच होतं. कांदा निवडायचं. रोलरवरून कांदा पुढं सरकतो आणि लहान-मोठा वेगळा पडतो. पण सुकलेली सालं रोलरला गुंडाळली जायची, की मशीन बंद करा, हात घालून सालं ओढा, परत चालू करा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एक दिवस वैतागले आणि आईचा कपडे धुवायचा ब्रश उचलून त्यांनी तारेनं रोलरखाली बांधला. सालं तिथंच झडायला लागली. आईनं दोघांचाही उद्धार केला. माझा काय संबंध होता, देव जाणे.

त्या मशीनवर चाकणकडच्या एका कंपनीची पाटी होती. वेबसाइटवर भरतीबिरती काही नाही, नुसता चौकशीचा मेल आयडी. या वेळी मी मजकूर उचलला नाही. मी कोण, कधीपासून कधीपर्यंत येऊ शकते, कॉलेजला काय पत्र लागतं, तुमचं मशीन कुठं अडतं, ते सगळं लिहिलं. बायोडेटा आणि ब्रशचा फोटो जोडला. फोटोखाली लिहिलं, ‘ही सुधारणा मी केली.’

लिहिताना बोट अडखळलं, खोटं कशाला सांगू? पण घरातलंच तर आहे, असं म्हणून मी पाठवून दिलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. आमच्याकडे इंटर्नची जागा नाही, तरी उद्या अकराला फोन करा, असं डिझाइनच्या साहेबांनी लिहिलं होतं. मी उडालेच! दादांना सांगितलं तर ते म्हणाले, “त्यांच्या मशीनला नावं ठिवली आन वर कामबी मागितलं? लई धीराची हायेस राव.” फोटोखाली काय लिहिलंय, ते मात्र मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा कांदा निवडत बसले होते. मी शेजारी बसून फोन लावला आणि त्यांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. शहाणीच मी.

साहेबांनी सरळ विचारलं, “ब्रश नायलॉनचा का घेतलास? काथ्याचा का नाही?”

मी मशीनखालच्या ब्रशकडे बघायला लागले. दादांनी मान वर केली. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं असणार. मला वाटलं, आता उठून जातील. ते जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “सांग, काथ्या वल्या कांद्यानं फुगतो, मग रोलरला घासतो.”

मला इतकी लाज वाटली, की रडूच फुटलं.

“सर, ब्रश मी नाही बांधला. वडिलांनी बांधला.”

“मग मेलमध्ये ‘मी’ का लिहिलंय?”

“चुकलं सर. इंटर्नशिप पाहिजे होती.”

गेली, म्हटलं, गेली संधी.

“तू काय केलंस मग?”

“मी वेळ मोजली. ब्रश नसताना मशीन किती मिनिटांनी बंद करावं लागतं आणि ब्रश लावल्यावर किती. चार दिवस, सकाळचा नि दुपारचा कांदा वेगळा धरून. वहीत आहे.”

“हे मेलमध्ये का नाही टाकलंस? आम्हाला तेच लागतं. वहीच्या पानांचे फोटो पाठव. आणि मेल दुरुस्त करून पाठव, कुणी काय केलं ते नीट लिहून.”

त्याच दुपारी पाठवलं. आठवड्यानं कंपनीचं पत्र आलं. सहा महिने, चाचणी विभाग, येताना कॉलेजचं ना-हरकत पत्र आणावं. मी ते दादांना मराठीत सांगत गेले. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, पहिल्या दिवशी वडिलांनाही सोबत आणावं, ब्रश कसा बसवला ते आमच्या लोकांना बघायचं आहे.

दादा हातातला कांदा तसाच धरून बसले.

“मला कशाला? म्या कुठं अर्ज केला व्हता?”

“केला होता दादा,” मी म्हणाले. “खाली नाव तेवढं माझं होतं.”