ज्ञान वाढलं, एवढंच लिही

संशोधनाच्या अहवालात ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश, सगळ्यात पुढे असतो, म्हणून मी तो सगळ्यात आधी लिहायला घेतला. एम.एस्सी. नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. छत्तीसगड राज्य नवं, रायपूर ही राजधानी नवी आणि तिथल्या मंत्रालयात नुकतीच बदली झालेले माझे बाबाही नव्या उत्साहात. मंत्रालयातली लांबलचक टिपणं लिहून लिहून त्यांना मजकूर छोटा दिसला की करमतच नसे.

माझा विषय साधा होता. पुरानी बस्तीतल्या एका पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लहान मुलं असलेल्या आयांना, मुलाला जुलाब लागल्यावर ओआरएसचं पाणी कसं आणि कधी द्यायचं ते शिकवायचं. आधी प्रश्नावली, मग शिकवणं, आठवड्याने परत तीच प्रश्नावली. गुण वाढले. आकडेमोडीनेही वाढ खरी ठरवली. झालं, मला वाटलं, आता फक्त थाटात सांगायचं.

बाबांनी थाट पुरवला. त्यांच्या मदतीने मी कन्क्लूजनमध्ये लिहिलं की या कार्यक्रमामुळे बालकांचे जुलाब आटोक्यात येतील आणि अवघं छत्तीसगड निरोगी होईल. ॲबस्ट्रॅक्टमध्येही तेच, जरा आटोपशीर. गाईड मॅडमची सही झाल्याशिवाय अहवाल बाइंडिंगला जात नव्हता, आणि बाइंडिंग झाल्याशिवाय व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसता येत नव्हतं.

मॅडम इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"तू जुलाब मोजले का?"

"नाही मॅडम. गुण मोजले."

"आया एकाच पाऱ्यातल्या, त्याही ज्या भेटल्या त्या. तुलनेला दुसरा गट नाही. मग अख्खं छत्तीसगड काहून निरोगी करून राहिली? या आयांचं ज्ञान वाढलं, एवढंच लिही. आणि ॲबस्ट्रॅक्ट शेवटी लिहायचा असतो, बाकी सगळं लिहून झाल्यावर. परवापर्यंत आण, नाहीतर सही पुढच्या वेळेस."

वर्षभर उन्हातान्हात हिंडून शेवटी एवढंच? माझं डोकं भणाणून गेलं. मग याला शोधनिबंध तरी का म्हणतात कुणास ठाऊक, असं मनातल्या मनात पुटपुटत मी घरी पोचले.

घरी बाबा पलंगावर आडवे. ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोप समारंभातल्या दहीवड्यांनी पोट बिघडवलं होतं. दिवसभर संडासाकडे हेलपाटे घालून चेहरा उतरला होता. आई त्यांच्या उशाशी डाळिंबाच्या सालीचा काढा घेऊन बसली होती.

आई ही माझ्या प्रश्नावलीची पहिली परीक्षार्थी. प्रश्न समजतात की नाही हे पाहायला मी तिला आधी घेतलं होतं, अभ्यासात तिला धरलं नव्हतं. तिला सगळेच गुण मिळाले होते. पाकीट किती पाण्यात घालायचं, उरलेलं किती वेळाने फेकायचं, सगळं बरोबर. ओआरएसची पाकिटं तिनेच कपाटात नीट रचून ठेवली होती.

"आई, ओआरएस काहून नाही दिलं?"

"देऊन राहिली न काढा."

"पण तुला तर सगळं येत होतं. प्रश्नावलीत लिहिलंस की."

"हव. तू विचारलं, मी सांगितलं," आई शांतपणे म्हणाली. "मी काय करीन, हे तू कुठं विचारलं?"

बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "मले कोणी काहीतरी पाजा बाप्पा, मग भांडा."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाकीट फोडलं, पाणी मोजून ढवळलं आणि बाबांच्या हाती पेला दिला. राग कुठल्या कुठे गेला होता, उलट हसू येत होतं. आणि लाजही वाटत होती, कारण मॅडमचं बरोबर होतं.

मग मी कन्क्लूजन नव्याने लिहिलं. या आयांचं ज्ञान वाढल्याचं दिसलं. घरी त्या प्रत्यक्षात काय करतात, हे या अभ्यासात पाहिलेलं नाही. पुढे कुणी ते पाहावं. ॲबस्ट्रॅक्ट त्यानंतर लिहिला: हेतू, पद्धत, निकाल, निष्कर्ष, सगळं एका पानात. बाबांनी पलंगावरूनच वाचला. "इतकंसंच?" म्हणाले, "यावर तर आमच्या बाबूनंही सही केली नसती."

मॅडमनी केली. एक शब्दही खोडला नाही.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "मग आता त्या आया ओआरएस देतात का?"

"ते मोजलं नाही मॅडम. मोजलं ते ज्ञान, आणि ते वाढलं."

त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. मला तेवढ्याने हायसं वाटलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "झाली का पास?"

"झाले."

"होणारच," आई म्हणाली. बाबांचं पोट परत बिघडलं होतं आणि ती त्यांच्यासाठी डाळिंबाची सालच उकळत होती. "मले तर पूर्ण मार्क होते."