खिडकीवरचा केशरी कागद

सोलापुरात विणकरांवर रंगीत माहितीपट करायला आलो, तेव्हा मी नवखा कॅमेरामन होतो. मागावर बसलेल्या आजींवर आम्ही लावलेल्या दिव्यांचा पिवळट उजेड होता आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून अंगणात वाळत घातलेलं पांढरं सूत दिसत होतं. आमची फिल्म दिव्यांचा पिवळट उजेड पांढरा दाखवेल अशी बनवलेली होती, त्यामुळे बाहेरचा दिवसाचा उजेड तिच्यावर निळा उमटला असता. म्हणून मी खिडकीवर बाहेरून केशरी पारदर्शक कागद ताणून बसवला. आता बाहेरचा उजेडही दिव्यांसारखाच झाला.

आजींनी मागे वळून पाहिलं आणि त्या घाबरल्याच. "वो, माझं सूत पिवळं झालं की!"

"फिल्मवर पांढरंच दिसेल," मी म्हणालो खरा, पण तोवर मी हे फक्त वाचलेलं होतं.

पुढे त्यांच्याच पेठेतल्या शाळेत पडदा लावून आम्ही माहितीपट दाखवला. आजींचा चेहरा जसा होता तसाच सावळा दिसला आणि मागे सूत पांढरंशुभ्र. मी हरखून आजींकडे वळलो.

आजी मात्र शांत होत्या. "मला रोज असंच दिसतंय की," त्या म्हणाल्या.

दिव्याखाली असो की उन्हात, पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून आम्ही एवढी खटपट केली, ते काम त्यांचे डोळे रोज सहज करत होते. मी पडद्याऐवजी त्यांच्याकडेच बघत राहिलो.