सहाशे घरं नव्हे, अकरा

जेनिफर साळवे नगरला पत्रकारितेच्या डिप्लोमाला होती. सत्याण्णव साली इंटर्नशिपसाठी तिला केडगावातली एक छोटी शाळा मिळाली. गावातला केबलवाला सहादेव रोज संध्याकाळी साडेसहाला अर्धा तास आपलं व्हिडिओ चॅनल शाळेला देई. शाळा मुलांचे कार्यक्रम, धडे, भाषणं कॅसेटवर चित्रित करी आणि सहादेव ती कॅसेट व्हीसीआरवर लावी. महिनाभरात काय दाखवलं, किती जणांनी पाहिलं, याचा रिपोर्ट शाळा चालवणाऱ्या संस्थेला देणं हे जेनिफरचं काम.

जुन्या रिपोर्टांत दर महिन्याला 'प्रेक्षक : सहाशे घरं' असं लिहिलेलं होतं. तिनं सहादेवला विचारलं. तो म्हणाला, माझी कनेक्शनंच तेवढी आहेत, बघतं कोण ते मला काय ठाऊक.

मग तिनं त्याच्या यादीतलं प्रत्येक दहावं घर काढलं आणि आठवडाभर सायकलवर हिंडली. आदल्या संध्याकाळी चॅनलवर काय बघितलं, एवढंच ती विचारी. राहीबाई नावाच्या बाईंनी तिला हंडे दाखवले. "साडेसहाला आमच्याकडं नळाला पानी येतं. टीवी कोन बघनार?"

साठ घरांपैकी अकरा घरांनी चॅनल पाहिलं होतं. त्यातल्या नऊ घरांत दहावीची गणितं पाहिली होती. संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण तीनदा लागलं होतं, ते एकाही घरात कुणी पाहिलं नव्हतं. जेनिफरनं हे सगळं लिहिलं. कार्यक्रम साडेसातला घ्यावा, भाषण थांबवावं, असंही खाली सुचवलं.

मुख्याध्यापिका पुष्पावतीबाईंनी रिपोर्ट वाचला आणि दार लोटून घेतलं. सहाशेच्या आकड्यावरच अध्यक्ष शाळेला नवा कॅमेरा मंजूर करणार होते. सहाशे लिही, तेही खोटं नाही, असं त्या समजावत राहिल्या. साठ घरांवरून गावाचं काय कळतं, असंही म्हणाल्या.

"बाई, सहाशे घरांत केबल आहे, हे मी लिहिलंय. सहाशे घरं बघतात, हे नाही लिहिणार. साठच घरं विचारली, तेही लिहिलंय."

"सर्टिफिकेट मलाच द्यायचंय, जेनिफर."

"मग नका देऊ. आकडा बदलायचा असेल तर खाली तुमची सही करा. माझी असेल तर अकराच राहतील."

पुष्पावतीबाईंनी सही केली नाही. रिपोर्ट तसाच अध्यक्षांकडे गेला. कॅमेरा आला नाही. अध्यक्षांनी भाषणाची कॅसेट मात्र परत मागवून घेतली आणि मोकळ्या झालेल्या वेळात गणिताचे सर आणखी दोन धडे घेऊ लागले. पुढच्या महिन्यापासून कार्यक्रम साडेसातला लागला. त्याची कुणी वाच्यता केली नाही.

जेनिफर पुन्हा सायकलवर निघाली. या खेपेला साठपैकी एकवीस घरं भरली. पुष्पावतीबाई म्हणाल्या, पंचवीस लिही, गोल आकडा बरा दिसतो. तिनं एकवीसच लिहिलं.

सर्टिफिकेटवर 'समाधानकारक' एवढा एकच शब्द आला. कॉलेजमधल्या सरांनी भुवया उंचावल्या, तेव्हा तिनं दोन्ही रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सर, मार्क यावर द्या."