आंबेमोहराचा वास सांगायचा कसा?

बेडशातले भिकाजी आबा गेली दोन वर्षं जेवताना धडधडीत खोटं बोलत होते. ताटात आंबेमोहराचा भात पडला की डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वा! काय घमघमाट सुटलाय!" खरं म्हणजे त्यांच्या नाकाला ढिम्म काही कळत नव्हतं. वयानं नाक गेलं होतं, तेही इतकं गुपचूप की नक्की कधी गेलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. डोळे गेले की चष्मा येतो, कान गेले की घरचे ओरडून बोलतात, पण नाक गेलेल्याला विचारतो कोण? आणि आपण होऊन सांगितलं तर काही करपलं-जळलं तरी कळायचं नाही म्हणून सून रेणुका चुलीपाशी फिरकू देणार नाही, म्हणून आबा गप्प होते.

भांडं फोडलं नातीनं. मानसी लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असते. आठ महिन्यांनी सुट्टीला आली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आबा, भाताला वासच नाही."

रेणुका लगेच म्हणाली, "मला बी तसंच वाटत हुतं. पर आबा रोज वा वा करत्यात, म्हटलं माझंच नाक बिघडलं."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी सगळं कबूल केलं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. सगळं शिवार इंद्रायणी जातीच्या भाताकडं वळलं तरी आबांनी वडिलांचं आंबेमोहराचं बी सोडलं नव्हतं. दर वर्षी उभ्या पिकात हिंडून, हुंगून, ते बियाण्याच्या लोंब्या निवडत. दोन वर्षांपूर्वी सामाईक खळ्यावर शेजारच्या दुसऱ्या भातात त्यांचं बी मिसळलं असावं. त्याचाही दाणा तसाच बुटका आणि रोप तसंच उंच, पण वास नावाला नाही. डोळ्यांनी निवड होणार नव्हती. ती नाकानंच व्हायची, आणि नेमकं तेच नाक गेलं होतं. बी आसपास दुसऱ्या कुणाकडं उरलं नव्हतं. शेत फुलोऱ्यात होतं. कापणीआधी खरी रोपं सापडली नाहीत तर वडिलांपासून चालत आलेलं बी आपल्या हातून संपणार, हे आबांना स्वच्छ दिसत होतं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

"मी हुंगते, तुम्ही सांगा," मानसी म्हणाली. तिनं सुट्टी वाढवून घेतली.

सकाळी दोघं शेतात उतरली. रोपाला नंबराची चिंधी बांधायची, त्याचं एक पान बारीक कातरून स्टीलच्या डबीत टाकायचं, वर कोमट पाणी, घट्ट झाकण, आणि थोड्या वेळानं उघडून नाक लावायचं. नाक लवकर सरावतं आणि सरावलं की काहीच कळत नाही, म्हणून चार डब्यांनंतर बांधावर बसून मोकळी हवा घ्यायची.

"कसला येतोय?" आबांनी विचारलं.

"चांगला."

"चांगला म्हंजी? चांगला तर साबनाचा बी येतो!"

"सुगंध आहे, आबा. मस्त, हलका."

"आगं, हलकं तर पीस बी आसतं!"

मानसी रडकुंडीला आली, पण दोष तिचा नव्हता. रंगाला तांबडा, पिवळा म्हणता येतं, आवाज तोंडानं काढून दाखवता येतो. वास मात्र ओळखता येतो, मनात आणू म्हटलं तर येत नाही. तो नाकातून मेंदूच्या आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागात तडक घुसतो, शब्दांकडं वळून बघायची त्याला फुरसत नसते. म्हणून आपण 'अमक्यासारखा' म्हणून सुटका करून घेतो.

मराठीत शब्द नाहीत असंही नाही, ढीगभर आहेत. दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा हे वास किती आणि कसा येतो ते सांगतात. कुबट, खवट, उबट, आंबूस, करपट हे वस्तूचं काय बिघडलं ते सांगतात. परिमळ मुळात चोळल्यावर, घासल्यावर उठणारा. एकट्या खमंगवर तर अख्खं स्वयंपाकघर उभं आहे. पण या भाताची वेळ आली की सगळे एकच उत्तर देतात: आंब्याच्या मोहरासारखा. नावातच लिहून ठेवलंय, मग डोकं कोण चालवणार?

आणि तिथंच घोळ झाला. आबांनीही तेच सांगितलं, "मोहर, मानसे, मोहर हुडीक." मानसीला आंब्याचा मोहर चांगला माहीत होता, नाकात शिरणारा, गोडसर, थोडा उग्र. ती प्रत्येक डबीत तोच शोधत बसली. दोन दिवसांत साठ रोपं झाली आणि सगळ्या साठांवर फुली पडली.

"म्हंजी संपलं," आबा म्हणाले. ते बांधावर बसले आणि उरलेल्या चिंध्या गुंडाळून ठेवू लागले.

मानसीनं संध्याकाळी हॉटेलच्या भटारखान्यात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिथं सगळा हिंदुस्थान राबतो. "तुमच्याकडं तांदळाच्या वासाला काय म्हणतात?" असं तिनं एकेकाला विचारलं. कन्नड आचारी म्हणाला, घमघम. आबांनी मान हलवली, "ते आपलंच. किती ते कळलं, कसला ते न्हाई." गुजराती मावशी म्हणाल्या, सोडम. ऐकायला गोड, पण आबांना त्यातून काही उमगेना. मग बिहारचा पोळ्यावाला म्हणाला, "सोंधी."

"म्हंजी कसली?" आबांनी फोनकडं वाकून विचारलं.

"कोऱ्या मडक्यातल्या पाण्याची, बाबा. भाजलेल्या चण्याची. तापल्या मातीवर पाणी पडल्यावर येते ती."

आबा ताठ बसले. "भाजलेल्या... थांब. थांब पोरी. लाह्या! साळीच्या लाह्या फुटताना येतो तो! मोहर वरवर हाय, नुसता कडंला. आत लाह्या हायेत. आन् मी येडा जलमभर नावच घोकत बसलो!"

आबांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. वासाच्या तांदळात जो पदार्थ तो सुगंध देतो, तोच लाह्या फुटतानाही तयार होतो. आबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना एका परक्या भाषेतला शब्द मिळाला, आणि नाक मेलेलं असूनही आठवण जागी झाली.

दुसऱ्या दिवशी साठही रोपांची पानं पुन्हा डब्यांत गेली. सातव्या डबीचं झाकण उघडलं आणि मानसी ओरडली, "लाह्या!" सगळीकडं तो नव्हता. कुठं नुसता हिरवट, कुठं गवतासारखा. पण एकोणीस रोपांना तो होता. त्यांना रेणुकानं लाल चिंध्या बांधल्या.

तरी आबांच्या मनातली पाल चुकचुकत होतीच. पोरीला लाह्या सांगितल्या म्हणून तिला लाह्याच येत असतील तर? आपल्यालाही नावानं असंच फसवलं होतं की.

महिन्याभरानं लोंब्या पिकल्या, तेव्हा मानसी पुन्हा सुट्टी काढून आली. लाल चिंध्यांच्या लोंब्या वेगळ्या कापल्या, सावलीत वाळवल्या. प्रत्येक रोपाचे चार-दोन दाणे मानसीनं चावून पाहिले आणि पाच रोपं बाद केली. उरलेल्यांतलं बी बाजूला ठेवून वाटीभर तांदूळ हातानं कांडला. रेणुकानं भात लावला. आबा चुलीजवळ बसले होते आणि त्यांना कसलाही वास येत नव्हता.

झाकण निघालं. मानसी वाकली, आणि तशीच राहिली.

"काय गं? लाह्या का?" आबांनी विचारलं.

तिच्या डोळ्यांना धार लागली. "आबा, माझा दात पडला होता. आजी पडवीत बसली होती. तिनं भात बोटांनी कुस्करला, त्यात मीठ घातलं, आणि म्हणाली, या बाजूनं खा. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. आबा, हे मला कधीच आठवलं नव्हतं. आत्ता कुठून आलं?"

आबांना ती दुपार पक्की आठवत होती. आजी त्याच वर्षी गेली, आणि मानसी तेव्हा सहा वर्षांची होती. त्या दुपारबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं, आणि तेव्हाचा तो भात याच बियाचा होता.

"आला," आबा म्हणाले. "त्योच हाय, मानसे. आता दुसरं काय बी सांगू नगंस."