पेंडेचा संदर्भ

पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. कारखान्याला लागून एक संशोधनशाळा होती आणि तिथे मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. होऊन साहाय्यक म्हणून लागले होते. पुण्याहून सकाळच्या गाडीने यायचं, स्टेशनवरून चालत जायचं. आजूबाजूला बाभळी, ज्वारीची शेतं आणि मधूनच नव्या विटांच्या चाळी. प्रयोगशाळेत बायका दोनच होत्या. दुसरी टायपिस्ट होती.

आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर होते, म्हणजे पीएच.डी. झालेले. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. ते पन्नाशीच्या आतले, सडपातळ, बोलताना चष्मा काढून हातात घेणारे. आमचं काम पेनिसिलिनचं. ज्या बुरशीपासून ते होतं तिला मोठ्या टाक्यांतून वाढवताना खाद्य लागतं, आणि ते खाद्य परदेशातून पिंपांत भरून येई. मका भिजवून उरलेला दाट, आंबूस अर्क तो. बोट लांबली की टाक्या रिकाम्या राहत. डॉक्टरांच्या मनात आलं की आपल्याकडे भुईमुगाची पेंड इतकी आहे, तीच बुरशीला का घालू नये? लहान फ्लास्कमध्ये आम्ही ते करून पाहिलं होतं आणि बऱ्यापैकी जमलं होतं. आता टाकीत करून पाहायला पैसे हवे होते. त्यासाठी दिल्लीच्या एका समितीकडे अर्ज करायचा ठरलं.

अर्जाच्या सूचनांत एक ओळ होती. कामाचं वर्णन फुलस्केपच्या दोन पानांत, दोन ओळींत जागा सोडून टाइप केलेलं, आणि संदर्भ त्याच दोन पानांत. संदर्भांना वेगळं पान नाही.

डॉक्टरांनी पहिला मसुदा लिहिला तेव्हा संदर्भांनीच अर्ध्याहून जास्त पान खाल्लं. काम काय करणार ते सांगायला जागा उरेना.

"हे सगळं लागतं," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर आपण वाचलेलं नाही असं वाटेल त्यांना."

"पण आपण काय करणार ते नाही वाचलं तर पैसे कशाला देतील?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "मग तुम्हीच कापा. उद्या दाखवा."

मी कात्री घेऊन बसले. पहिली खोडाखोड सोपी होती. पेनिसिलिन बुरशीपासून मिळतं, मक्याचा अर्क तिला चालतो, अशा वाक्यांना संदर्भ होते. समितीत बसणाऱ्यांना हे ठाऊक असणार, म्हणून तिथले आकडे काढून टाकले. मग निबंधांची नावं गेली. नियतकालिकाचं संक्षिप्त नाव, खंड, पान आणि वर्ष एवढं पुरे. मजकुरात लेखकांची नावं न घेता वाक्याच्या वर छोटा आकडा दिला, त्याने पुष्कळ शब्द वाचले. तीन निबंध एकच सांगत होते. त्यांतला ज्याने फ्लास्कऐवजी टाकीत प्रयोग केला होता तो ठेवला, कारण आम्हाला टाकीकडेच जायचं होतं. दोन निबंध आम्ही कधी पाहिलेच नव्हते, त्यांचा सारांश फक्त वाचला होता. ते मिळवून वाचायचे किंवा गाळायचे. एक मिळाला नाही म्हणून गेला, दुसरा वाचल्यावर कळलं की तो वेगळ्याच बुरशीवर होता. तोही गेला.

उरलेल्यांत दोन अडचणीचे होते.

एक परदेशी प्रयोगशाळेचा. त्यांनी पेंड वापरून पाहिली होती आणि लिहिलं होतं की दर खेपेला उत्पादन वेगळं येतं, म्हणून भरवशाची नाही. डॉक्टर तो गाळायच्या मताचे होते.

"आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा का?" ते म्हणाले.

"समितीतला जो कोणी हा विषय जाणतो त्याने तो वाचलेला असणार," मी म्हटलं. "आपण दिला नाही तर त्याला वाटेल, यांना माहीत नाही किंवा यांनी लपवला."

त्यांनी तो निबंध पुन्हा उघडला. नंतर म्हणाले, "ठेवायचा तर उत्तरही द्यायला हवं. दर खेपेला वेगळं का येतं?"

आमचा अंदाज असा होता की पेंडच दर खेपेला वेगळी असते. लाकडी घाण्याच्या पेंडेत तेल जास्त उरतं, यंत्रावरच्या पेंडेत कमी, आणि त्याप्रमाणे बुरशीला लागणारा नायट्रोजनही बदलतो. पण अंदाजाला आधार हवा होता आणि आमच्याकडे तो नव्हता.

दुसरा अडचणीचा संदर्भ डॉक्टरांच्या सरांचा होता. सर पुण्यात राहत, निवृत्त झालेले. बुरशी साखर कशी पचवते यावर त्यांनी तरुणपणी एक निबंध लिहिला होता आणि तो गाजला होता. डॉक्टर आपल्या प्रत्येक लेखात त्याचा संदर्भ पहिला देत. आमच्या अर्जात तो कुठल्याही वाक्याला धरून नव्हता. सुरुवातीच्या ओळीवर एक आकडा होता, इतकंच. मी डॉक्टरांना तसं सांगितलं.

"त्याला हात लावू नका," ते म्हणाले.

मग मी नुसतं त्याचं पान तपासायला गेले. डॉक्टर पान आठवणीतून लिहीत, मला खात्री करायची होती. निबंधांचे सारांश छापणाऱ्या नियतकालिकाच्या जुन्या खंडाच्या सूचीत सरांच्या नावाखाली आणखी एक नोंद दिसली. तेलबियांच्या पेंडेतला नायट्रोजन, घाणा आणि यंत्र यांची तुलना. शेतकी खात्याच्या एका पत्रिकेत छापलेली छोटी टिपणी.

पत्रिका आमच्याकडे नव्हती. रविवारी मी सरांच्या घरी गेले. डॉक्टरांची साहाय्यक, अर्जाचे संदर्भ तपासतेय, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला बसवलं, काकूंना चहा टाकायला सांगितलं.

"माझ्या त्या निबंधाचं पान बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर. पण मी दुसऱ्यासाठी आलेय. पेंडेवरची तुमची टिपणी हवी होती."

सरांचा चेहरा बदलला. "ती? ते गुरांच्या खाद्याचं काम होतं. खात्याने सांगितलं म्हणून केलं. ते काय संशोधन आहे?"

"वर्षभर गच्चीवर पेंडा वाळत होत्या," काकू आतून म्हणाल्या. "कावळ्यांनी जीव नकोसा केला होता."

सरांनी ती टिपणी शोधून दिली, पण देताना म्हणाले, "डॉक्टरांना सांग, यात काही नाही."

त्यात सगळं होतं. घाण्याची आणि यंत्राची पेंड, दोन्हींचे तेलाचे आणि नायट्रोजनचे आकडे, एका तक्त्यात. परदेशी निबंध म्हणत होता, पेंड भरवशाची नाही. ही टिपणी सांगत होती, का नाही. आता वाक्य नीट जुळत होतं: पेंडेने उत्पादन बदलतं, कारण पेंड बदलते, म्हणून आधी वेगवेगळ्या ठिकाणची पेंड तपासू, मग टाकीत घालू. त्यात आमची पुढची सगळी योजना आपोआप आली.

डॉक्टर वाचून खूष झाले. "दोन्ही ठेवू. सरांचे दोन्ही."

टायपिस्टने टाइप केलं. दोन ओळी तिसऱ्या पानावर गेल्या. तिने समास थोडा ओढून पाहिला, तरी एक ओळ बाहेर. "आता ही समासात शाईने लिहायची का?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पुढ्यात घेतला. योजनेतली एकही ओळ काढण्यासारखी नव्हती. परदेशी निबंध काढला तर टिपणीला अर्थ नाही. टिपणी काढली तर परदेशी निबंधाला उत्तर नाही. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही खोडा," ते म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले.

मी सरांचा मोठा निबंध खोडला. पुढचे आकडे एकेक कमी केले, मजकुरातलेही. ते विसरलं की पाचव्याचा संदर्भ सहाव्याला लागतो.

अर्ज गेला. डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे एक कार्बन प्रत सरांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं नाही. दिवाळीला डॉक्टर दरवर्षी त्यांच्याकडे जात. त्या वर्षीही गेले, आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले, "सर बोलले नाहीत फारसे. 'गुरांच्या पेंडेचा शास्त्रज्ञ म्हणून माझी ओळख करून दिलीस,' म्हणाले." मला वाईट वाटलं का? थोडं. पण तो आकडा परत घालावा असं वाटलं नाही.

समितीचं पत्र उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. टाकीतल्या प्रयोगांना त्यांनी तूर्त नकार दिला होता. पेंड तपासण्याच्या पहिल्या भागाला मात्र अनुदान मंजूर होतं. अर्ज तपासणाऱ्याने कारणही दिलं होतं: खेपेखेपेतला फरक आधी समजून घ्यावा, आणि अर्जदारांनी त्याचा आधार दाखवला आहे. त्याने परदेशी निबंध वाचलेला होता, हे त्यातून उघड होतं. डॉक्टरांना अर्ध्या मंजुरीचा आनंद झाला नाही. मला त्यामुळे नोकरीचं आणखी एक वर्ष मिळालं.

ते वर्ष मी पेंड गोळा करण्यात घालवलं. तळेगाव, चाकण, पुढे खेडपर्यंत. चाकणच्या एका घाण्यावर मी डब्यात पेंड भरून घेत होते तेव्हा मालक म्हणाला, "बाई, गुरं न्हाईत म्हणता, मग ही खाणार कोण?"

"बुरशी," मी म्हटलं.

"बुरशी तर आमी फेकून देतो," तो म्हणाला आणि आणखी एक ओंजळ घातली.

माझे नायट्रोजनचे आकडे सरांच्या तक्त्यापेक्षा सतत कमी येत होते. घाण्याची असो की यंत्राची, फरक साधारण सारखाच. मी रसायनं बदलली, उपकरण बदललं, तरी तेच. डॉक्टर म्हणाले, "आपलं चुकत असेल." मला तसं वाटत नव्हतं. शेवटी मी सरांना पत्र टाकलं, नुसते आकडे आणि प्रश्न.

आठवड्याभरात सर स्वतःच आले, दुपारच्या गाडीने, हातात छत्री. डॉक्टर धावत दाराशी गेले. सर त्यांना "बस, बस" म्हणत सरळ माझ्या टेबलाशी आले. वही उघडून त्यांनी माझे आकडे पाहिले, एक-दोन ठिकाणी हिशेब स्वतः केला.

"तू पेंड जशी आली तशी तोललीस," ते म्हणाले.

"हो सर. ओल वेगळी मोजली."

"मी वाळवून तोलली होती. गच्चीवर वाळत होती ती तीच. कोरड्यावरचा आकडा आहे माझा. तक्त्याखाली लिहायला हवं होतं, राहिलं."

मी ओल वजा करून पाहिली. आकडे जुळले.

"तुमच्या निबंधात लिहा हे," सर म्हणाले.

डॉक्टर घाईने म्हणाले, "सर, त्याची काही गरज नाही. आपण नुसता संदर्भ देऊ."

"नुसता संदर्भ कशाला?" सर म्हणाले. "कोरड्यावरचा आहे असं लिहा. नाहीतर पुढचा माणूस वर्षभर उपकरणं बदलत बसेल." मग त्यांनी चहा घेतला, कारखान्याच्या टाक्या बाहेरूनच पाहिल्या आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. अर्जाबद्दल, मोठ्या निबंधाबद्दल त्यांनी शब्दही काढला नाही. डॉक्टरांशी मात्र ते पुन्हा कधी पूर्वीसारखे झाले नाहीत.

टाकीच्या प्रयोगांना पुढे कारखान्यानेच परवानगी दिली. पेंड काही प्रमाणात चालली, मक्याचा अर्क पूर्ण बंद झाला नाही. निबंध छापून आला तेव्हा सरांच्या टिपणीचा संदर्भ त्यात कंसातल्या खुलाशासह होता. संपादकांनी जागेसाठी तो खुलासा काढायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्यांना नाही म्हणून कळवलं आणि त्याऐवजी आभाराचा परिच्छेद काढला.