आबांच्या अंगणातला घाईचा नारळ

माझे पप्पा गिरधर केळी पिकवायच्या खोल्या विकतात. थंड हवेच्या, गॅस मोजून सोडणाऱ्या, जाड पॅनेलच्या; कंपनी त्यांना रायपनिंग चेंबर म्हणते. पप्पा मूळचे साक्रीकडचे. आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहतो, घरात शुद्ध बोलतो, पण पप्पांना आनंद झाला की साक्री बाहेर पडते. "काम पक्कं शे," म्हणतात आणि स्कूटरची डिकी उघडतात. डिकीत कायम एक नारळ असतो. चेंबर बसलं की फोडायला. आई म्हणते, लोक डिकीत स्टेपनीचं सामान ठेवतात, आमच्याकडे देव ठेवलाय.

मुक्ताईनगरजवळच्या हितेंद्रभाऊंनी होकार दिला तो रविवार होता आणि मी स्कूटरवर मागे होते. हितेंद्रभाऊ केळीचे व्यापारी. पप्पांनी सगळं समजावलं. हितेंद्रभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली, मिशीवरून बोट फिरवलं आणि घशातून, जाड, एकदम मोठ्यानं म्हणाले, "करू! करूनच टाकू!" पप्पा उठलेच. डिकीतून नारळ काढला आणि अंगणातल्या जुन्या, धुरावर केळी पिकवायच्या, धुरीच्या खोलीच्या उंबऱ्यावर फोडला, कारण चेंबर त्याच जागी होणार होतं. तिथेच उभ्यानं मॅनेजरना फोन केला, ऑर्डर धरा म्हणून.

त्यानंतर हितेंद्रभाऊंचा फोन बंद नव्हता, हेच वाईट होतं. तो वाजायचा. आधी भक्तिगीत, मग बाई सांगायची की उत्तर मिळत नाही. मेसेजवर निळ्या खुणा यायच्या, म्हणजे वाचलं, आणि पुढं काही नाही. पप्पा रोज नवीन कारण काढून तेच विचारायचे. सहज फोन केला. जवळून चाललो होतो. ब्रोशर मिळालं का? धुळ्याचे मॅनेजर नाकातून बोलतात, मला ते छान जमतं: "गिरधर, सूट दे त्याला. सांग, महिनाअखेर ऑफर संपते. घाबरव जरा." पप्पांनी तसा मेसेजही टाकला. त्यावर निळी खूणसुद्धा आली नाही.

मॅनेजरनी दुसरंही सांगितलं होतं. हे चेंबर झालं नाही तर जळगावची जागा बंद, पप्पांची बदली सोलापूरला. माझी बारावी, आईची बालवाडी. घरात हे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण आईनं नवीन पडदे शिवायचे थांबवले होते.

आणि तो आवाज घरात राहायला आला. पप्पा जेवता जेवता थांबायचे आणि ओठ हलायचे: करूनच टाकू. दाढी करताना आरशाला विचारायचे, "म्हणालाच ना तो?" दिलेला शब्द माणूस मागे घेतो हे त्यांना पटत नव्हतं. माणूस मेला असता तर समजलं असतं, तो तर बाजारात दिसतो म्हणे, आणि पप्पांची स्कूटर दिसली की दुकानाच्या आत जातो.

नक्कल करायला मला काही कारण लागत नाही. एकदा मी दारात उभी राहून मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "करू! करूनच टाकू!" पप्पा आतून चप्पल न घालता धावत आले. दारात मीच. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की आलेलं हसू मी गिळलं. पण पप्पा रागावले नाहीत. पायरीवर बसले आणि म्हणाले, "परत म्हण. पूर्ण."

मी पूर्ण म्हटलं. मोठ्यानं करूनच टाकू, आणि मग आवाज खाली नेऊन, मान दुसरीकडे वळवून, "आबा आले की त्यांच्याशी बोलून घेऊ."

"हे तो म्हणाला?"

म्हणाला होता. मला वाटलं पप्पांनी ऐकलंय. तेव्हा ते डिकी उघडत होते.

आबा म्हणजे हितेंद्रभाऊंचे वडील, भाईदास आबा. त्या रविवारी ते लग्नाला गेले होते. धुरीची खोली त्यांनी स्वतः बांधलेली. पप्पांना तेव्हा उमगलं. घरातला कर्ता बाहेर असताना त्याच्या उंबऱ्यावर परक्यानं नारळ फोडला होता. आमच्याकडे कर्त्याविना नारळ फुटतो तो कर्ता गेल्यावरच, हे कोणाला सांगावं लागत नाही.

पप्पांनी आधी मॅनेजरना फोन लावला आणि सांगितलं की ऑर्डर यादीतून काढा, ती झालेलीच नाही. पलीकडून नाकातला आवाज बराच वेळ येत राहिला. मग हितेंद्रभाऊंना मेसेज लिहिला, मी वाचून पाहिला. भाऊ, नारळ मी घाईत फोडला, चूक माझी. तुम्ही शब्द दिला असं मी धरत नाही. नको असेल तर नको म्हणा, येणं-जाणं तसंच राहील. विचार करायचा असेल तर आबांसमोर पहिल्यापासून बसू.

निळी खूण आली. चहा उकळेपर्यंत उत्तर आलं: उद्या या. आबा आहेत.

आबा खाटेवर बसले होते. हितेंद्रभाऊ खांबाला टेकून, मिशीला हात नाही. पप्पांनी पिशवीतलं ब्रोशर बाहेर काढलंच नाही. धुरीच्या खोलीच्या खिडकीत नारळाच्या दोन वाट्या ठेवल्या होत्या, खोबरं काळं पडलेलं, तोंडं आमच्याकडे. मला त्यांच्याकडे पाहवेना आणि नजरही हटेना.

"पोरगं म्हने, बाबा, चुकून हो म्हनलो," आबा बोलले. "नाई म्हनाची त्याले लाज. मी त्याले म्हनलं, मी जित्ता हाये ना अजून?"

पप्पा म्हणाले, "आबा, मी विकायला नाही आलो. तुम्हाला काय खटकतं ते ऐकायला आलो."

आबांनी सांगितलं ते चेंबरबद्दल कमी आणि वासाबद्दल जास्त होतं. धुरीत माल कधी पिकून तयार झाला हे त्यांना दाराबाहेरून कळतं. थंड पेटीत कसं कळणार? आणि वीज गेली तर? पप्पांनी खरं सांगितलं: दार बंद ठेवलं तर पॅनेल काही तास थंडावा धरतं, जास्त वेळ गेली तर जनरेटर लागतोच, आमच्या किमतीत तो नाही. हितेंद्रभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. जनरेटरची गोष्ट आधी कोणी बोललंच नव्हतं.

मग पप्पांनी हो-नाही मागितलंच नाही, एवढंच सुचवलं: आबांच्याच बागेतली थोडी क्रेट सावद्याच्या एका चेंबरमध्ये ठेवू, चौथ्या दिवशी आबांनी स्वतः दार उघडायचं. धुरीची खोली पाडायची नाही, झालंच तर चेंबर घरामागच्या मोकळ्या वाड्यात. आणि उत्तर आखाजीनंतर, अक्षय तृतीया झाली की, ते आबांच्या तोंडून.

निघताना आबांनी त्या वाट्या पप्पांच्या हातात दिल्या. "तुमचं तुमच्यापाशी." पप्पांनी त्या डिकीत ठेवल्या, नव्या नारळाच्या जागी.

चौथ्या दिवशी आबांनी सावद्याला केळ सोललं, आधी वास घेतला, मग खाल्लं, आणि साल हातात घेऊन गाडीत जाऊन बसले. आखाजी आली. आई पुरणपोळ्या करत होती, पप्पांचं लक्ष फोनकडे. सण संपला तरी फोन नाही. ते दिवस पहिल्यापेक्षा वाईट होते, कारण आता खरंच काही ठरलेलं नव्हतं.

मग आबांनीच बोलावलं. सगळं घर अंगणात होतं, आबांची बायकोसुद्धा. आबा म्हणाले, "हो. मागच्या वाड्यात."

पप्पा जागचे हलले नाहीत. डिकीकडेही वळले नाहीत. मी पाहत होते, त्यांचा कान नुसता उभा होता. वाक्य संपलंय का, की त्याला अजून शेपूट आहे.

"आबा, अजून काही म्हणत होतात?"

आबांनी खाटेखालची पिशवी पुढं ओढली. "नाई," म्हणाले. "नारळ मी आनला हाये."

तो त्यांनी स्वतः फोडला. येताना खड्ड्याखड्ड्याला डिकीत त्या जुन्या दोन वाट्या वाजत होत्या. पप्पांनी त्या अजून टाकलेल्या नाहीत.