तासाला त्र्याऐंशी पैसे

राजाजीनगरच्या ज्या कारखान्यात मी कॉस्टिंगच्या टेबलावर बसत असे, तिथल्याच लेथ विभागाचे फोरमन माझे वडील होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. सकाळी आम्ही एकाच बसने जायचो. गेटातून आत शिरलो की ते डावीकडे शेडमध्ये आणि मी उजवीकडे ऑफिसात. दिवसभर एकमेकांशी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्याकडून माझ्याकडे यायची ती फक्त कार्डं.

प्रत्येक लेथचं रोज एक कार्ड असे. मशीन किती तास चाललं, किती तास थांबलं आणि थांबलं तर का, एवढंच त्यावर लिहायचं. त्या तासांवर माझं सगळं काम चाले. शेडचं भाडं, वीज, तेल, घसारा, अण्णांचा पगार हे खर्च कुठल्या एका मालावर टाकता येत नाहीत. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला अंदाज बांधायचा. आमचा अंदाज होता बहात्तर हजार रुपये वरखर्च आणि बारा लेथचे मिळून चोवीस हजार तास. म्हणजे तासाला तीन रुपये. एखादा शाफ्ट लेथवर सहा तास राहिला, की त्याच्या हिशेबात अठरा रुपये वरखर्च धरायचा. नवं काम लावताना सेटिंगला जो वेळ जातो, तो या चोवीस हजारांतून आधीच वगळलेला होता.

अंदाज कधीच बरोबर येत नाही. मी लागले त्या पहिल्या वर्षी लेथ साडेपंचवीस हजार तास चालले. मालावर आम्ही साडेशहात्तर हजार रुपये चढवले आणि खरा खर्च झाला साडेत्र्याहत्तर हजार. तीन हजार जास्त वसूल झाले. रक्कम किरकोळ, म्हणून हेड अकाउंटंटसाहेबांनी ती कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्याला जमा करायला सांगितली. मालकांनी शेडमध्ये म्हैसूरपाक वाटला. अण्णांनी त्यांच्या वाटणीचा घरी आणला आणि आईच्या हातात ठेवला.

दुसऱ्या वर्षी वीज जायला लागली. धरणात पाणी नव्हतं म्हणे. रोज तासभर, कधी दोन तास लेथ बंद पडायचे. तेव्हापासून कार्डांवर सेटिंगचे तास वाढू लागले. बंद पडलेल्या लेथजवळ कोणी बसून राहिलेलं अण्णांना खपत नसे. वीज गेली की ते माणसांना हत्यारं बदलायला, चक साफ करायला, उद्याचं काम आजच लावायला सांगत आणि कार्डावर लिहीत, ‘सेटिंग’. ‘बंद’ हा शब्द त्यांच्या कार्डावर वर्षातून एकदाच येई, आयुधपूजेच्या दिवशी. त्या दिवशी लेथला हळदकुंकू लागे, झेंडूची माळ पडे, दारात कोहळा फुटे. लेथने थांबायचं ते त्या एका दिवशी, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मला ते दुसऱ्याच महिन्यात दिसलं होतं. एकदा घरी मी त्यांना म्हटलं, की वीज गेली तर तसंच लिहा, कारण लागतं. ते म्हणाले, काम केलंय तर बंद कसं लिहू? मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं. कार्डं ऑफिसात नेऊन साहेबांसमोर ठेवायला हवी होती. पण आधीच्या वर्षी सगळं छान जमलं होतं आणि मी आळशी होते.

वर्ष संपलं तेव्हा लेथचे तास भरले अठरा हजार. मालावर चढले चोपन्न हजार आणि खर्च एकोणसत्तर हजार. पंधरा हजार वसूलच झाले नव्हते. साहेब रागावले नाहीत. नियम त्यांनी मला शिकवला होता तोच पुन्हा सांगितला. वीज जाण्यासारख्या अचानक कारणाने तास बुडाले असतील, तर तो तोटा मालाच्या माथी मारायचा नाही. तो सरळ नफा-तोटा खात्याला नावे टाकायचा आणि तासाचा दर आहे तसाच राहतो. पण कारण कळत नसेल आणि रक्कम एवढी मोठी असेल, तर पंधरा हजारांना अठरा हजार तासांनी भागायचं आणि तो पूरक दर विकलेल्या, शिल्लक राहिलेल्या आणि अर्धवट पडलेल्या सगळ्या मालावर तासांप्रमाणे वाटायचा. तो येत होता तासाला त्र्याऐंशी पैसे.

“वीज जात होती हे मलाही ठाऊक आहे,” ते म्हणाले. “किती तास, ते कार्डावर दाखव.”

माझ्या हिशेबाने चार हजार तास तरी विजेपायी गेले होते. म्हणजे पंधरापैकी बारा हजार. उरलेले तीन हजार आधीच्या वर्षासारखेच किरकोळ म्हणून त्याच खात्यात गेले असते. पण कार्डांवर ते सगळे तास सेटिंगचे होते. वाचणाऱ्याला वाटावं, की या विभागाला काम लावायलाच जमत नाही. साहेबांनी दोन दिवस दिले. सेटिंग म्हणून लिहिलेले तास खरं तर विजेअभावी गेले, असं फोरमनने सहीनिशी लिहून दिलं तर ते मान्य करणार होते. नाहीतर पूरक दर लागणार होता, शाफ्ट नगामागे पाच रुपयांनी महागणार होता आणि बाहेरच्या वर्कशॉपचा भाव त्याच्या खाली येत होता. मग मालक लेथ विभाग ठेवणार नव्हते.

हे सगळं मी अण्णांना बसस्टॉपवर सांगितलं. कागद मी लिहूनच नेला होता, फक्त सही हवी होती. त्यांनी तो दोनदा वाचला.

“माझी माणसं रिकामी बसली होती, असं लिहून देऊ?”

“बसली होती असं नाही, अण्णा. लेथ बंद होते, एवढंच.”

“स्वल्प थांब,” ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. बस आली. चढताना त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. “सरी, ठीक आहे. तुझ्या पुस्तकात जे येतं ते लिही.”

मी तेच लिहिलं. पंधरा हजार विकलेल्या, शिल्लक आणि अर्धवट मालाच्या तिन्ही खात्यांत वाटले, बेरजा जुळल्या, साहेबांनी सही केली. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. त्या दिवशी दुपारी मी डब्यातलं चित्रान्न सगळं खाल्लं, हे मात्र नीट आठवतं.

शाफ्टचं काम बाहेर गेलं. तीन महिन्यांनी लेथ विकले. ट्रक आले त्या दिवशी अण्णा नेहमीसारखे शेडमध्ये गेले. त्यांना स्टोअरमध्ये टाकलं होतं, पण ते दुसऱ्या दिवसापासून. संध्याकाळी माझ्या टेबलावर रोजच्यासारखी बारा कार्डं आली. चाललेले तास शून्य, थांबलेले तास आठ. कारणाच्या रकान्यात बाराही कार्डांवर त्यांच्या ठळक अक्षरात एकच शब्द होता, ‘बंद’.

मी बाराला आठने गुणलं. शहाण्णव तास लिहिले आणि कार्डं फायलीत लावली. मग गेटावर गेले. ते माझ्यासाठी थांबले होते.